थांबलेला कॉलम
सर्जिकल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीडी आणि अंडरवॉटर सीलविषयीची प्रस्तावना

सर्जिकल वॉर्डमध्ये ड्युटी बदलताना आयसीडीच्या रुग्णाबद्दल बहुधा एवढेच सांगितले जाते: ‘बेड नंबर अमुक, आयसीडी आहे, ड्रेन तीनशे.’ पुढची सिस्टर तीनशेचा आकडा लिहून घेते आणि ओव्हर पुढच्या बेडकडे सरकतो. हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण नळी या क्षणी काम करते आहे की नाही, हे तो सांगत नाही. तीनशे एमएल सकाळपर्यंत आले असतील आणि त्यानंतर नळी बंद पडली असेल, तरी आकडा तीनशेच राहतो. नळी जिवंत आहे की नाही हे दोनच गोष्टी सांगतात. काचेच्या नळीतला पाण्याचा कॉलम श्वासाबरोबर वरखाली होतो का, आणि बाटलीत बुडबुडे येतात का. ही पुस्तिका मुख्यतः या दोन खुणांविषयी आहे. त्यातही जास्त जागा दिली आहे ती दोन्ही एकदम थांबतात तेव्हा काय करायचे याला, कारण घोटाळा तिथेच होतो.

आधी छातीच्या आत काय चालते ते पाहू. फुप्फुसावर आणि छातीच्या भिंतीच्या आतल्या बाजूवर प्लुराचे दोन पदर असतात. त्यांच्यामध्ये थोडासा द्रव असतो आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. शांत श्वसनात श्वास सोडून झाल्यावर तो साधारण उणे ५ सें.मी. पाणी इतका असतो आणि श्वास घेताना उणे ८ च्या आसपास जातो. फुप्फुस स्वभावतः आकसू पाहते आणि छातीची भिंत बाहेर ओढते. या ओढाताणीमुळेच फुप्फुस उघडे राहते. बरगडी मोडून, फुप्फुसाला चीर पडून किंवा क्षयाने आधीच पोखरलेला भाग फुटून या जागेत हवा शिरली की ही ओढ सुटते आणि फुप्फुस मिटते. रक्त, पू किंवा पाणी साठले तरी तेच होते. आयसीडीला यातून दोन कामे करायची असतात: आत साठलेले बाहेर काढायचे आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. दुसरे काम अवघड आहे, कारण श्वास घेताना आतला दाब नळीतून हवा आत ओढू पाहतो.

ही अडचण पाण्याने सोडवता येते, हे माणसाला बऱ्याच आधी सुचले होते. हॅम्बुर्गचे डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाव यांनी एम्पायमासाठी वापरलेली सायफन पद्धत १८९१ साली प्रसिद्ध केली. छातीतली नळी खाली ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात बुडवायची, एवढीच त्यामागची युक्ती होती. तरीही छाती उघडी करून पू काढण्याची रीत पुढे बराच काळ टिकली. त्याची किंमत पहिल्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत दिसली. न्यूमोनियानंतर एम्पायमा झालेल्या सैनिकांची छाती लवकर उघडल्यावर फुप्फुस मिटायचे आणि मृत्यूचे प्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास गेले होते. १९१८ साली नेमलेल्या एम्पायमा कमिशनमध्ये एव्हर्ट्स ग्रॅहम होते. आजार जोरात असताना छाती उघडी टाकू नका, बंद पद्धतीने पू काढा, असा सल्ला या कमिशनने दिला आणि मृत्यू बरेच कमी झाले. हे इथे सांगण्याचे कारण असे की सील तुटलेली आयसीडी म्हणजे पुन्हा तीच उघडी छाती.

आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत आजही एकाच बाटलीची किंवा एकाच पिशवीची पद्धत वापरतात. बाटलीत निर्जंतुक सलाइन किंवा पाणी घालतात, आणि रुग्णाकडून येणाऱ्या नळीचे टोक त्या पाण्याखाली २ सें.मी. बुडलेले असते. बुचात दुसरी एक छोटी नळी असते. ती हवेसाठी उघडी ठेवलेली वाट, म्हणजे व्हेंट. ग्लासातल्या सरबतात नळीने फुंकर मारली की बुडबुडे सहज निघतात, पण हवा ओढू गेलो तर सरबतच वर येते. अंडरवॉटर सील याहून वेगळे काही करत नाही. श्वास सोडताना किंवा खोकताना प्लुरातला दाब २ सें.मी.च्या वर गेला की हवा पाण्यातून बाहेर पडते आणि व्हेंटमधून निघून जाते. श्वास घेताना पाणी नळीत थोडे वर चढते, हवा मात्र आत जात नाही.

हे २ सें.मी. नेमके का, ते समजून घ्या. टोक पाण्याच्या अगदी वरच्या थरात असेल तर बाटली जरा कलली किंवा थोडे पाणी उडून गेले की टोक उघडे पडते. टोक फार खोल असेल तर हवेला बाहेर पडायला तेवढाच जास्त दाब लागतो. एकाच बाटलीच्या पद्धतीतला दोष इथेच आहे, कारण छातीतून येणारा द्रवही त्याच बाटलीत साठतो. बाटलीचा तळ साधारण १०० चौरस सें.मी. धरला तर १ लीटर द्रव आल्यावर पातळी १० सें.मी. चढते. सकाळी २ सें.मी. बुडलेले टोक संध्याकाळी १२ सें.मी. बुडलेले असते. आता हवा बाहेर काढण्यासाठी रुग्णाला सहापट जोर लावावा लागतो, आणि बरगड्या मोडलेला माणूस तो जोर लावू शकत नाही. म्हणून ड्रेनचा आकडा वाचताना टोक किती बुडले आहे तेही बघा आणि बाटली भरण्याची वाट न पाहता ती बदला. तीन कप्प्यांच्या तयार संचात द्रव वेगळ्या कप्प्यात साठतो, त्यामुळे ही अडचण येत नाही.

बाटली छातीच्या पातळीपेक्षा साधारण ८० ते १०० सें.मी. खाली असावी. जोराच्या श्वासात पाणी नळीत बरेच वर चढू शकते आणि मध्ये एवढे अंतर असले तर ते छातीपर्यंत पोहोचत नाही. ट्रॉलीवर चढवताना कोणी प्रेमाने बाटली रुग्णाच्या पोटावर ठेवतो, तेव्हा हे अंतर शून्य होते आणि बाटलीतला द्रव उलट छातीत जाऊ शकतो.

आता दोन खुणा. कॉलमची हालचाल म्हणजे प्लुरातला दाब नळीवाटे तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणे. स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णात कॉलम श्वास घेताना वर जातो आणि सोडताना खाली येतो. हालचाल किती, हे दोन गोष्टींवर ठरते: रुग्ण किती जोराने श्वास घेतो आणि फुप्फुसाभोवती किती जागा अजून मोकळी आहे. मिटलेल्या फुप्फुसाभोवती मोठी पोकळी असेल तर कॉलम लांब झोका घेतो. फुप्फुस फुगत भिंतीजवळ येऊ लागले की झोका लहान होत जातो. बुडबुडे म्हणजे प्लुरातली हवा बाहेर पडणे. ते फक्त खोकताना येतात, प्रत्येक उच्छ्वासाला येतात की श्वास घेतानाही थांबत नाहीत, यावरून गळती किती मोठी आहे त्याचा अंदाज येतो.

या दोन्ही खुणा मिळूनच वाचायच्या. कॉलम हलतो आणि बुडबुडे येतात: नळी मोकळी आहे, हवा निघते आहे. कॉलम हलतो पण बुडबुडे नाहीत: नळी मोकळी आहे, बाहेर पडायला हवा उरलेली नाही किंवा मुळातच नव्हती. हिमोथोरॅक्सच्या किंवा नुसते पाणी झालेल्या रुग्णात पहिल्या दिवसापासून हेच दिसेल. बुडबुडे सतत येतात आणि कॉलम नीट दिसतही नाही: एकतर गळती मोठी आहे किंवा नळीच्या जोडात बाहेरची हवा शिरते आहे. कॉलमही थांबला आणि बुडबुडेही थांबले, तर या शांततेचे दोन अगदी उलट अर्थ होतात. फुप्फुस पूर्ण फुगून नळीच्या भोकांवर येऊन टेकले असेल, म्हणजे काम फत्ते झाले. किंवा नळी कुठेतरी बंद झाली असेल आणि हवा आतच साठत असेल. नुसती बाटली पाहून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही वेळा बाटली सारखीच दिसते. फरक रुग्णात दिसतो आणि थांबण्याच्या चालीत दिसतो.

हे एका प्रसंगातून पाहू. प्रसंग शिकवण्यासाठी जुळवलेला आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा वॉर्डात घडणारा आहे. चोवीस वर्षांचा एक मुलगा मोटरसायकलवरून पडला. उजव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या आणि त्या बाजूला हवा व रक्त दोन्ही साठले. सकाळी सातला आयसीडी टाकली. दहा वाजताच्या नोंदीत लिहिले आहे: कॉलम ६ सें.मी. हलतो, खोकल्यावर बुडबुडे, ड्रेन ३५० एमएल लालसर, गेल्या तासात त्यातले ५०. श्वास मिनिटाला २२, मास्कने ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ९६. या नोंदीनंतर लगेच त्याला एक्स-रेसाठी ट्रॉलीवरून नेले आणि पाऊण तासाने परत आणले. एक वाजता विद्यार्थिनीने बाटली पाहिली. बुडबुडे नाहीत, कॉलम स्थिर, ड्रेन ३६० एमएल. तिने लिहायला घेतले, ‘एअर लीक थांबला.’

पेन टेकवण्याआधी तिने मुलाकडे बघायला हवे होते. श्वास आता मिनिटाला ३२ होता. सॅच्युरेशन ९० वर आले होते आणि ऑक्सिजन होता तेवढाच चालू होता. ‘सिस्टर, मला बसवा, दम लागतोय,’ असे तो म्हणत होता. उजवी छाती डावीपेक्षा कमी हलत होती. तिने बरगड्यांवरच्या त्वचेवर हात ठेवला, तेव्हा बोटांखाली कुरकुर लागली. त्वचेखाली हवा पसरत होती.

इथे विचाराची चाल अशी ठेवा. बरे होताना गोष्टी क्रमाने आणि सावकाश घडतात. आधी बुडबुडे कमी होतात आणि बहुधा आधी फक्त खोकल्यावर उरतात. झोका सहाचा चार, चाराचा दोन होतो. ड्रेन पातळ होत कमी होतो. रुग्णाचा दम कमी होतो आणि स्टेथोस्कोपने त्या बाजूला श्वासाचा आवाज परत ऐकू येतो. याला बहुधा दिवस लागतात. इथे तीन तासांत कॉलम, बुडबुडे आणि ड्रेन तिन्ही एकदम थांबले आणि रुग्ण बिघडला. ज्या नळीतून तासाला ५० एमएल येत होते, तिच्यातून पुढच्या तीन तासांत मिळून फक्त १० आले. एकाच वेळी सगळे थांबले असेल तर आधी नळी बंद आहे असेच धरायचे आणि ते खोटे ठरेपर्यंत शोधायचे.

पुढची पावले एकामागून एक येतात, पण पहिली दोन जवळजवळ एकदमच करायची असतात. मोठ्याने मदत मागवा आणि डॉक्टरांना बोलवा. रुग्णाला टेकवून बसवा, ऑक्सिजन वाढवा. मग नळीवरून हात फिरवत ड्रेसिंगपासून बाटलीपर्यंत जा. हात फिरवायचा, नुसती नजर नाही, कारण नळी चादरीखाली असते आणि चादरीखालीच लपलेला दोष सापडतो. या मुलाच्या बाबतीत ब्लँकेटखाली नळीवर क्लॅम्प लावलेला होता. ट्रॉलीवर चढवताना बाटली कलंडेल म्हणून कोणीतरी लावला आणि काढायचा राहिला. क्लॅम्प उघडताच बाटलीत बुडबुड्यांचा लोट आला, कॉलम झोके घेऊ लागला आणि अडलेले ८० एमएल रक्त खाली उतरले. काही मिनिटांत सॅच्युरेशन ९५ वर गेले. डॉक्टरांना तरीही बोलवलेच. त्यांनी छाती तपासली, कुरकुर कुठवर पसरली आहे त्याची खूण त्वचेवर करून ठेवली आणि एक्स-रे पुन्हा काढायला सांगितला. क्लॅम्प किती वाजता सापडला आणि उघडल्यावर काय झाले, हे नोंदीत आहे तसेच लिहिले गेले.

समजा क्लॅम्प सापडला नसता, तर हात पुढे काय शोधेल? नळी रुग्णाच्या अंगाखाली किंवा कॉटच्या कडेत दाबली गेली आहे का. ड्रेसिंगच्या चिकटपट्टीखाली ती दुमडली आहे का. गादी आणि बाटली यांच्यामध्ये नळीचा झोळ लोंबतो का. या झोळात द्रव साठला की तोच एक दुसरे सील बनतो आणि पुढे जाण्यासाठी हवेला त्याचाही दाब ओलांडावा लागतो. कुठेही मोडलेली नसतानाही नळी अडकते ती अशी. म्हणून जास्तीची नळी गादीवर आडवी, सपाट ठेवा आणि तिथून बाटलीत सरळ खाली सोडा. झोळ ठेवावाच लागत असेल तर तो वारंवार उचलून रिकामा करा. त्यानंतर रुग्णाला खोकायला किंवा खोल श्वास घ्यायला सांगा. कॉलम हलला तर नळी मोकळी आहे, एवढे तरी कळते. हलला नाही तर नळीत गुठळी दिसते का पाहा.

गुठळीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण जुन्या हातांची एक सवय इथे आड येते. नळी दोन बोटांत चेपून छातीकडून बाटलीकडे लांबवर ओढत न्यायची, म्हणजे स्ट्रिपिंग करायचे, असे पूर्वी सर्रास शिकवत. त्यामुळे आत उणे ४०० सें.मी. पाण्याच्याही पलीकडे ओढ तयार होऊ शकते, असे मोजून दाखवलेले आहे. फुप्फुसाचा नाजूक भाग नळीच्या भोकांत ओढला जायला एवढी ओढ पुरते. गुठळी दिसत असेल तर तेवढाच भाग हलक्या हाताने चेपा आणि सोडा, तेही तुमच्या रुग्णालयात त्याची मुभा असेल तर. नळीत सलाइन सोडून ती मोकळी करण्याचा प्रयत्न नर्सने स्वतःहून करू नये. गुठळी तशीच राहिली तर ते डॉक्टरांचे काम आहे, आणि कधी कधी नवी नळी टाकावी लागते.

वरच्या प्रसंगात क्लॅम्पने केले ते नीट समजून घ्या. फुप्फुसाच्या चिरेतून प्रत्येक श्वासाबरोबर हवा प्लुरात येत राहते. नळी उघडी असते तोवर ती बाटलीत जाते. क्लॅम्प लावला की तिला जायला जागाच राहत नाही, दाब चढतो, फुप्फुस मिटते, पुढे हृदय आणि मोठ्या शिरा दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात आणि रक्तदाब कोसळतो. टेन्शन न्यूमोथोरॅक्स तो हाच. श्वासनलिका एका बाजूला सरकलेली दिसणे ही उशिराची खूण आहे, तिची वाट पाहू नका. म्हणून बुडबुडे येणाऱ्या नळीला क्लॅम्प लावायचा नाही, मग रुग्ण एक्स-रेला जाऊ द्या, ऑपरेशन थिएटरला जाऊ द्या किंवा शौचाला. बाटली छातीच्या खाली, उभी आणि उघडी अशीच बरोबर न्यायची.

क्लॅम्प अगदीच वर्ज्य नाही, पण त्याची कामे मोजकी आहेत. बाटली बदलताना काही क्षण. गळती शोधताना काही सेकंद. नळी काढण्याआधी डॉक्टरांनी सांगितल्यावर, तेही रुग्णावर नजर ठेवून. आणि मोठे पाणी काढताना. बऱ्याच दिवसांचे पाणी झपाट्याने काढले तर मिटलेले फुप्फुस एकदम फुगते आणि त्याच्यात सूज येऊन पाणी भरू शकते. म्हणून एका वेळी साधारण १.५ लीटरपेक्षा जास्त काढू नये असे सांगतात. काढता काढता रुग्णाला खोकल्याची उबळ आली, छातीत दुखू लागले किंवा सॅच्युरेशन घसरले, तर १.५ लीटर व्हायची वाट न पाहता ड्रेन थांबवून डॉक्टरांना बोलवायचे. या रुग्णाच्या बाटलीत बुडबुडे नसतात, म्हणून इथे क्लॅम्प चालतो.

उलट त्रास सतत बुडबुडे येण्याचा. श्वास घेताना, सोडताना, कधीच न थांबणारे बुडबुडे दिसले तर हवा रुग्णाच्या आतून येते की नळीच्या जोडातून, हे शोधावे लागते. आधी सगळे जोड हाताने घट्ट करून बघा, कारण अर्ध्या वेळा काम तिथेच होते. मग ड्रेसिंगजवळ कान द्या. जखमेशी सूं सूं आवाज येत असेल तर नळी थोडी बाहेर सरकली असण्याची शक्यता आहे. नळीच्या भिंतीवरचे शेवटचे भोक त्वचेबाहेर आले तर तिथूनच हवा शिरते. ते भोक दिसत असेल तर निर्जंतुक ड्रेसिंगने झाका आणि डॉक्टरांना सांगा, नळी स्वतःहून आत ढकलू नका. हे सगळे ठीक असेल तर छातीजवळ क्षणभर क्लॅम्प लावा. बुडबुडे थांबले तर हवा छातीतून किंवा जखमेतून येते आहे, लगेच क्लॅम्प काढा. थांबले नाहीत तर दोष क्लॅम्पच्या पुढे, बाटलीच्या बाजूला आहे. मग क्लॅम्प थोडा थोडा खाली सरकवत जा. ज्या ठिकाणी बुडबुडे थांबतात, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात फट असते. प्रत्येक वेळी क्लॅम्प काही सेकंदच, आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर. तीन कप्प्यांच्या संचात सक्शनच्या कप्प्यात येणारे बुडबुडे ही गळती नव्हे. ते यायलाच हवेत. गळती वाचायची ती सीलच्या कप्प्यात.

सक्शनविषयी एवढेच, पण लक्षात ठेवून. डॉक्टर सांगतील तेव्हाच लावायचे, आणि कमी दाबाचे, बहुधा उणे १० ते २० सें.मी. पाणी. सक्शन चालू असताना कॉलमचा झोका नीट दिसत नाही, म्हणून तो पाहायचा असेल तर नियमाप्रमाणे सक्शनची नळी क्षणभर काढून पाहतात. सर्वांत धोकादायक अवस्था सक्शन बंद आहे आणि नळी व्हेंटला जोडलेली आहे ही. भिंतीवरचा खटका बंद केल्यावर किंवा वीज गेल्यावर नळी तशीच राहिली, तर बाटलीचा व्हेंट बुजतो आणि आतल्या हवेची वाट बंद होते. व्हेंटवर चिकटपट्टी लावली किंवा प्लग बसवला तरी तेच होते. सक्शन थांबले की नळी काढा, व्हेंट उघडा ठेवा.

अपघात तीन प्रकारचे होतात. जोड सुटला तर टोक स्वच्छ करून लगेच परत जोडा आणि रुग्णाला खोकायला सांगा, म्हणजे आत गेलेली हवा बाहेर पडेल. बाटली फुटली तर नळीचे टोक निर्जंतुक पाण्याच्या किंवा सलाइनच्या उघड्या बाटलीत २ सें.मी. बुडवा, नवी बाटली येईपर्यंत तेच सील असते. म्हणून अशी एक बाटली बेडजवळ कायम ठेवावी. तिसरा अपघात नळीच ओढली जाण्याचा, बहुतेक वेळा रुग्ण बाथरूमला जाताना. ग्लोव्ह घातलेल्या हाताने जखम लगेच दाबा, मदत मागवा. वर ड्रेसिंग ठेवा. बुडबुडे येत होते अशा रुग्णात ड्रेसिंग तीनच बाजूंनी चिकटवा, चौथी बाजू मोकळी सोडा, म्हणजे दाब वाढला तर हवेला वाट मिळेल. बुडबुडे नव्हते तर पूर्ण चिकटवा. दोन्ही वेळा रुग्णाजवळून हलू नका, आणि डॉक्टर येईपर्यंत श्वास व सॅच्युरेशन मोजत राहा.

प्रसंगातल्या मुलाकडे परत जाऊ, कारण त्याच बाटलीत दुसरी शांतताही पुढे आली. दुसऱ्या दिवशी बुडबुडे फक्त जोराने खोकल्यावर येत. तिसऱ्या दिवशी ते थांबले, पण कॉलम ३ सें.मी. हलत होता, म्हणजे नळी मोकळी होती. पाचव्या दिवशी झोका १ सें.मी.पेक्षा कमी झाला. चोवीस तासांचा ड्रेन १०० एमएलच्या खाली, फिकट गुलाबी. श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९७. दोन्ही बाजूंना श्वासाचा आवाज सारखा. एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुगलेले दिसले. या दिवशी ‘कॉलम स्थिर’ ही नोंद खरी होती आणि नळी काढण्याचा विचार करण्याजोगी होती. वाटेतला प्रत्येक दिवस नोंदीत सापडत होता, म्हणूनच एका नजरेत हे सांगता आले.

नळी असताना रुग्णाला खोल श्वास आणि खोकला दोन्ही हवेत, पण बरगडी मोडलेला माणूस दुखते म्हणून उथळ श्वास घेतो. वेळेवर वेदनाशामक दिले नाही तर स्पायरोमीटरचे बॉल वर जात नाहीत आणि कॉलमचा झोकाही लहान दिसतो. तो बरे होण्यामुळे लहान नाही हे लक्षात ठेवा. औषध देऊन अर्ध्या-एक तासाने पुन्हा पाहा आणि दोन्ही नोंदी लिहा.

नोंद पूर्ण कशी असावी? पहिल्या वाक्यात ‘ड्रेन तीनशे’ होते. आता असे लिहा: ‘दुपारी २, उजवी आयसीडी, कॉलम ४ सें.मी. हलतो, बुडबुडे खोकल्यावर, ड्रेन एकूण ४२०, मागील तासात ४०, लालसर. टोक ३ सें.मी. बुडलेले. सक्शन नाही, व्हेंट उघडा, क्लॅम्प नाही. श्वास २२, सॅच्युरेशन ९६. ड्रेसिंग कोरडे, कुरकुर नाही.’ लिहायला दोन मिनिटे लागतात आणि संध्याकाळची सिस्टर याच्याशी ताडून बघू शकते. ड्रेनचा रंग अचानक ताज्या रक्तासारखा झाला किंवा छातीच्या मारातल्या रुग्णात तासाला २०० एमएल असे सलग दोन-चार तास आले, तर नोंदीपुरते थांबू नका, सर्जनला फोन करा.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाबद्दल एक गोष्ट नोंदीत जरूर लिहा: तो स्वतः श्वास घेतो की यंत्राकडून घेतो. यंत्र हवा आत ढकलते, त्यामुळे त्याचा कॉलम उलटा चालतो, श्वास आत जाताना खाली आणि बाहेर पडताना वर. हे माहीत नसेल तर चांगली चालणारी नळी बिघडलेली वाटते, आणि रात्रीच्या ड्युटीला त्यावरून विनाकारण धावपळ होते.